पडद्यावरचे सण

गुढीपाडवा झाला आणि ऊसतोडीला गेलेली माणसं गावात परतली. पालमकडच्या त्या गावात पार्वतीबाईनं बैलगाडीतून उतरल्या उतरल्या नातवाचा मुका घेतला, तांब्याभर पाणी घशाखाली घातलं आणि सुनेला पहिला प्रश्न टाकला.

"कोकिळे, सरजाबाईचं काय झालं गं?"

कोकिळेनं रिकामा तांब्या परत घेतला. सरजाबाई गावातली नव्हती, नात्यातली नव्हती. चावडीतल्या टीव्हीवरच्या मालिकेत होती. ग्रामपंचायतीचा तो काळा-पांढरा टीव्ही शिपाई सिताराम कपाटातून काढायचा, एकजण छतावर अँटेना फिरवायचा आणि आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासासाठी, अख्खं गाव दुसऱ्या एका गावात जाऊन बसायचं. मालिकेचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. नाव अक्षरांत यायचं, आणि बाया अक्षरं गेल्यावरच नीट बघायला लागायच्या. सगळ्या म्हणायच्या, "सरजाबाईची."

दिवाळी सरल्यावर पार्वतीबाई पडद्यावरच्या नागपंचमीचा भाग पाहून, कोयता घेऊन नवऱ्यासोबत निघाली. कोकिळा तान्ह्या लेकरामुळं मागं राहिली. निघताना शेजारची चतुराबाई म्हणाली होती, "काळजी नगं, आल्यावर मी सांगते समदं. तुमची सून तर मुकी हाय."

"माझी सून सांगंल," पार्वतीबाई म्हणाली होती. "एक बी माणूस न गाळता."

बोरीहून लग्न करून आली तेव्हापासून कोकिळा या घरात हो आणि न्हाई, एवढंच बोलत आली. तिच्या जिभेच्या जिवावर सासूनं शब्द दिला होता, आणि तो खाली पडला तर चतुराबाई अख्ख्या गल्लीला हसवणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तूर भरडायला जातं मांडलं. पार्वतीबाईनं खुंटा धरला. चतुराबाई सूप घेऊन आधीच टेकली होती. आणखी चार-पाच जणी ओसरीला आल्या.

"हं. सांग."

कोकिळेनं पदर सावरला. "मग संक्रांतीला... संक्रांतीला सरजाबाईच्या बैलाला रंगनाथ लोहारानं झूल घातली..."

"संक्रांतीला झूल!" चतुराबाईनं सूप खाली ठेवलं. "मग तिळगूळ बी बैलालाच चारला आसंल!"

ओसरी खदखदून हसली. कोकिळेचे कान तापले. भाग संक्रांतीच्या आठवड्यातच पाहिला होता. चावडीत शेजारणीनं तिच्या हातावर तीळ ठेवले होते, ते दाताखाली होते तेव्हाच तर पडद्यावर बैल आले होते. तिच्या मनात दोन्ही एकाच गाठीला बांधलं गेलं होतं. आता सोडवायचं कसं?

पार्वतीबाई हसली नाही. पसाभर तूर जात्याच्या तोंडात सोडली. "आपल्या घरचा सण बाजूला ठेव, माय. पडद्यावरचा सांग. बैलं कव्हा सजवत्यात?"

"पोळ्याला."

"मग पोळा होता. तितं कोण कोण हुतं?"

जातं घरघरलं आणि कोकिळेच्या डोळ्यांपुढं सगळं चालत आलं. सरजाबाईचा नवरा मिलिटरीत. घरात धरायला माणूस नाही, म्हणून रंगनाथानं तिचा बैल मिरवला. पाटलाच्या मानाच्या बैलामागं लगोलग तिचा बैल! पाणवठ्यावर सोनाराची बायको घागर बुडवता बुडवता एवढंच म्हणाली, "झूल लय नवी दिसायली." बस्, एवढंच. दुसरी म्हणाली, झूल रंगनाथानं आणली. तिसरी म्हणाली, झूलच कशाला, साडी बी तोच आणतो.

"बघा," कोकिळेला हसू आलं, "खोटं कुणीच बोललं न्हाई, आत्या. परत्येकीनं आपल्या घरचं थोडं मीठ टाकलं."

"लिवणाऱ्यानं पाणवठा पाहिला हाय बरं का," पार्वतीबाई मान डोलवत म्हणाली. "उगं न्हाई लिवलं. पुढं?"

"पुढं महालक्ष्म्या. सरजाबाईनं मुखवटे बसवले, सोळा भाज्या केल्या, दारात रांगोळी काढली. हळदी-कुंकवाला एकबी आली न्हाई. कारण पाटलीणबाई म्हणाली, त्या घराची पायरी चढू नका." कोकिळेनं हातानं ओसरीचं दार दाखवलं. "दिवा वाऱ्यानं हालायचा, अन् ती दर वेळेला उठून दाराकडं बघायची. चावडीत बी कुणी खोकलं न्हाई त्या वक्ताला."

जातं थांबलं.

"पाटलीण?" पार्वतीबाई म्हणाली. "पाटलीण कुठं पाणवठ्यावर जाती? वाड्याच्या बाहेर पाऊल न्हाई तिचं. तिला कुणी सांगितलं?"

चतुराबाई खूष झाली. "मधला एक भाग गेला ना हिचा! लेकराला ताप होता, घरीच हुती. आता मी सांगते."

कोकिळेला वाटलं, काहीतरी ठोकून द्यावं. पण पडद्यावरच्या त्या रिकाम्या दारानं तिला खोटं बोलू दिलं नाही. "खरं हाय, आत्या. त्यो भाग म्या पाहिला न्हाई."

चतुराबाईनं तोंड उघडलं तसा पार्वतीबाईनं खुंट्यावरचा हात वर केला. "थांब, चतुरे. पाहिला न्हाई तर न्हाई. गावाला काय एकच वाट आस्ती व्हय? कोकिळे, पाणवठ्यावर बी जाती अन् वाड्यात बी शिरती, अशी कोण हाय त्या गावात?"

कोकिळा मालिकेतल्या घरांवरून मनातल्या मनात फिरू लागली. सोनारीण? तिला वाड्यात कोण घेतं. पुजारी? तो बायकांत बसत नाही. दाई? वाड्यात तान्हं नव्हतं. "सणाआधी," सासू हळूच म्हणाली, "वाड्यात काय येतं?"

आणि कोकिळेला पाटलीणबाईचे हात दिसले. 'पायरी चढू नका' म्हणताना ती हातातल्या बांगड्या फिरवत होती. पाहिलं तेव्हा वाटलं होतं, रागानं फिरवतेय. आता कळलं, बांगड्या नव्या होत्या, अजून मनगटाला रुळल्या नव्हत्या.

"कासारीण!" ती केवढ्यानं तरी ओरडली. पाळण्यातलं लेकरू दचकलं. "महालक्ष्म्यांच्या आधी बांगड्या भरायला गेली आसंल! हात हातात घेऊन बसल्यावर बाई बोलणारच की!"

सगळ्यांनी चतुराबाईकडं पाहिलं. तिनं सुपातला एक खडा वेचला, टाकला. मग हसली, या खेपेला मनापासून. "कासारीणच. बांगडी चढवता चढवता सांगितलं. पाटलीण 'आई गं' म्हणाली, ते बांगडी रुतली म्हणून का सरजाबाईपाई, त्यो काई पत्ता लागू दिला न्हाई मेल्यांनी."

"वा!" पार्वतीबाईनं जात्यावर थाप मारली. "वा रे लिवणाऱ्या! अन् वा गं बघणारीचे डोळे!"

मग कोकिळा थांबलीच नाही. दसरा आला. शिलंगणाहून माणसं परतली, दारोदार आपट्याची पानं वाटली गेली, सरजाबाईच्या दारावरून सगळी पुढं गेली. शेवटी पाटलाची म्हातारी आई काठी टेकत आली. खरं काय, खोटं काय, एक शब्द विचारला नाही. नुसतं पान तिच्या हातावर ठेवलं, म्हणाली, "सोनं घे, सोन्यासारखी राहा." तिच्यामागून पाटलीण आली. पाटलिणीमागून गाव.

"अन् झुलीचं? कुणी आणली ते?" एकीनं विचारलं.

"ते सांगितलंच न्हाई," कोकिळा म्हणाली.

"नगंच सांगायला," चतुराबाई म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

पार्वतीबाईनं खुंटा पुन्हा धरला. गळा मोकळा केला आणि जोडत जोडत म्हणाली,

"गेले उसाच्या गं रानी, माझं गाव ऱ्हायलं दूर,
 सून कोकिळा बोलती, दारी गावाचा गं पूर."

संध्याकाळी सासरा लिंबाजी जेवायला बसला. त्याच्यासमोर कोकिळा आजवर बोललीच नव्हती. भाकरी वाढायची आणि चुलीकडं वळायचं.

"ती टीव्हीतली बाई... काय झालं म्हणं तिचं?" त्यानं बायकोला विचारलं.

"मला कशाला इचारता? म्या कुठं पाहिलं?" पार्वतीबाई भाकरी थापत म्हणाली. "जिनं पाहिलं तिला इचारा."

चुलीत काटकी तडकली. कोकिळेनं भाकरीची टोपली बाजूला सारली, पदर डोक्यावर घेतला.

"मामा," ती म्हणाली, "नागपंचमीपसून सांगू, का पोळ्यापसून?"