पोट दुखलं की मण्यार

सोहेलला निरवांगीत ‘पोटदुखी’ म्हणायला लागले होते, आणि हे नाव पाडणारे होते आप्पासाहेब. माणूस वजनदार, कारखान्याचा जुना सभासद. जीभ अशी की एकदा कुणाला नाव चिकटलं की ते पोराबाळांपर्यंत उतरायचं.

झालं होतं असं. सोहेल लासुर्ण्यात मोटारी रिवाइंडिंग करायचा आणि आसपासच्या गावांत घरात साप निघाला की पकडून द्यायचा. वनखात्याचं ओळखपत्र होतं त्याच्याकडं, साप उचलायचा लोखंडी आकडा होता, बरणी होती. पण तो पोचायच्या आत लोक निम्मे साप ठेचून मोकळे व्हायचे, आणि ठेचता ठेचता कुणीतरी चावून घ्यायचं. म्हणून त्यानं निरवांगीच्या ग्रामपंचायतीला एक पत्र लिहिलं. घरात साप दिसला तर मारू नका, पकडायला जाऊ नका. पोरं आणि जनावरं लांब करा. एका माणसानं दुरून नुसती नजर ठेवावी, बाकीच्यांनी फोन करावा. कुणाला चावलाच तर आवळून बांधू नका, चिरू नका, देवळात नेऊ नका. चावलेला हात-पाय हलू न देता थेट दवाखाना गाठा. सगळं सरळ होतं. शेवटी त्यानं मण्यारीबद्दल लिहिलं होतं: ती रात्री अंथरुणात शिरते, झोपेत चावते, कळतसुद्धा नाही, दातांची खूण सापडत नाही. जमिनीवर झोपणारं माणूस सकाळी पोट दुखतंय म्हणालं, उलटी झाली, पापण्या जड झाल्या, तर मण्यार समजा आणि निघा.

सरपंच मुक्ताबाईंनी पत्र ग्रामसभेत वाचायला लावलं. शेवटचा परिच्छेद संपला न संपला तोच आप्पासाहेब उठले.

“म्हंजी आमच्या हिनं रस्सा तिखट केला आन् पोट दुखलं, तरी तुलाच फोन करायचा का रं?”

सभा खो खो हसली. मुक्ताबाईसुद्धा पदरात हसल्या. पत्र फळ्यावर लागलं खरं, पण आप्पासाहेब ‘पोट दुखलं की मण्यार!’ म्हणत गावभर फिरले, आणि सोहेल गावात दिसला की कुणीतरी पोट धरून कण्हायचं. बिचारा हसून घ्यायचा. मनात मात्र म्हणायचा, कुठून तो परिच्छेद लिहिला! तेवढा नसता, तर बाकीचं तरी लोकांनी गंभीरपणे घेतलं असतं.

दिवाळी उरकून कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. सकाळी सोहेल दुकानाचं शटर वर करतोय तोच फोन वाजला. आप्पासाहेब.

“सोहेल, मण्यार हाय. छकुलीच्या गोधडीत. लवकर ये.”

“आप्पा, गोधडीत कोण झोपलं हुतं? आप्पा?”

फोन कट झाला होता. सोहेलनं पुन्हा लावला, लाईन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. त्यानं शटर तसंच अर्धं सोडलं, आकडा आणि बरणी गाडीला अडकवली आणि निघाला.

छकुली म्हणजे आप्पासाहेबांची नात, चौथीतली. गोधडी तिची आणि साप त्यात, तर रात्रभर दोघं एकत्रच होते की! पोरीला विचारलं असेल का कुणी? की सगळे सापाभोवती गोळा होऊन आपली वाट बघत बसलेत? आपणच लिहिलंय ना, फोन करा आणि नजर ठेवा म्हणून. ठेवतील नजर! आणि पोरगी ओट्यावर पोट धरून पडलेली असेल, आई ओवा चारत असेल.

पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टरवाल्यानं गाणी इतकी मोठ्यानं लावलेली की हॉर्न त्याच्या कानापर्यंत जाईना. सोहेलनं एकदा उजवीकडून बघितलं, एकदा डावीकडून. समोरून दुधाचा टेम्पो आला, पुन्हा मागं. सुटलेली कांडी चाकाखाली कडाकडा मोडत होती. त्यानं एका हातानं फोन काढला, परत व्यस्त. इतका वेळ कुणाशी बोलतोय हा माणूस? पावण्यारावळ्यांना साप निघाल्याचं सांगत बसलाय की काय! सोहेल रडायच्या बेताला आला आणि तेवढ्यात त्याला संताप आला, आप्पासाहेबांचा, ट्रॅक्टरवाल्याचा, त्या हसणाऱ्या सभेचा. शेवटी त्यानं गाडी साइडपट्टीवर उतरवली आणि मातीतून पुढं काढली.

आप्पासाहेबांच्या दारात गर्दी असेल असं त्याला वाटलं होतं. दारात कुणीच नव्हतं. आत भिंतीशी अर्धी उलगडलेली गोधडी, आणि तिच्यापासून चांगलं लांब, उंबऱ्याजवळ स्टुलावर एकटे आप्पासाहेब. नजर गोधडीवर खिळलेली. मांडीवर काठी आडवी.

“पोरगी?” सोहेलनं दारातूनच विचारलं.

“इंदापूरच्या दवाखान्यात. शेजारच्या मानसिंगच्या जीपनं.” आप्पासाहेबांनी मान वळवली नाही. “सकाळी उठल्यावर पोट दुखतंय म्हणली. सूनबाईनं ओवा दिला. मग तीच गोधडी झटकायला गेली तर ह्ये निघालं. आन् मला एकदम आठवलं, पोट दुखलं की मण्यार. माझंच बोलणं. गावभर मीच म्हणत फिरलो हुतो न्हवं.”

“कवा गेली?”

“तुला फोन केला, लगीच मानसिंगला. मग दवाखान्यात कळवलं, मण्यारच हाय म्हणून. पापण्या मिटत हुत्या रं तिच्या.”

सोहेल गोधडीजवळ वाकला. काळ्याभोर अंगावर पांढरे बारीक आडवे पट्टे. दिवसाची मण्यार सुस्त असते. डोकं वेटोळ्यात खुपसून पडली होती. त्यानं बरणी जमिनीवर आडवी ठेवली आणि लांबूनच आकडा पुढं केला.

मागं काठी सरकल्याचा आवाज आला.

“थांब,” आप्पासाहेब म्हणाले. उभे राहिले होते. काठी उगारलेली होती. “मारू नका म्हणून लिवलंयस तू. माझ्या नातीला चावल्यावर बी न्हाय मारायचं?”

सोहेलनं आकडा तसाच धरून मान वळवली. पत्रात याचं उत्तर नव्हतं.

“आप्पा, काठी चुकली तर ती तुमच्याकडं यील. इंदापूरला पोरीपाशी माणूस लागंल.”

आप्पासाहेबांनी काठी दाराबाहेर भिरकावली आणि ते स्टुलावर बसले. सोहेलनं आकड्यानं हळूहळू मण्यार बरणीत वळवली, झाकण लावलं. वनरक्षकाला फोन करून नोंद दिली. मग आप्पासाहेबांना गाडीवर मागं बसवलं आणि इंदापूर गाठलं. बरणी चादरीत गुंडाळून वाटेत वनरक्षकाच्या ताब्यात दिली.

विषावरची इंजेक्शनं सुरू झाली होती, पण श्वास कमी पडू लागला तसं पोरीला बारामतीला हलवलं. तिथं ती मशीनवर होती. आप्पासाहेब बाहेरच्या बाकावर बसून होते आणि सोहेल त्यांच्या शेजारी. मशीन निघालं तेव्हा छकुलीनं पहिल्यांदा पाणी मागितलं. आप्पासाहेब ओक्साबोक्शी रडले, आणि एवढ्या मोठ्या माणसाचं रडं बघून पोरगीच घाबरली.

पुढच्या ग्रामसभेत आप्पासाहेबांनी फळ्यावरून पत्र काढून आणलं आणि शेवटचा परिच्छेद स्वतः वाचला. चष्मा सारखा करत, अडखळत. छकुली मुक्ताबाईंच्या मांडीला टेकून बसली होती. ‘पोट दुखतंय म्हणालं’ इथं मागच्या ओळीत कुणाला तरी जुनी गंमत आठवली आणि तो फिसकन हसला. बाकीच्यांनी त्याच्याकडं रागानं बघितलं.

“हसू द्या त्याला,” आप्पासाहेब म्हणाले. “समद्यांनी हसा. मी हसलो हुतो म्हणूनच माझ्या ध्यानात ऱ्हायलं.”