लग्नानंतर पोहोचायची पत्रं

आमंत्रणाचं पत्र कोणीही लिहील हो, पण 'लग्न झालं, तुम्हाला बोलावलं नाही' हे चौदा घरांना कळवायचं आणि एकाचंही मन मोडायचं नाही, हे काय खायचं काम आहे? भांडुपच्या चाळीत दत्ताराम तीन संध्याकाळी तेच करत बसला होता.

प्रेमाचं, त्याच्या मुलीचं, लग्न शुक्रवारी होतं, मुलुंडला, मुलाच्या घरी. मुलाचे वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या डोळ्यांदेखत अक्षता पडाव्यात म्हणून घाई, आणि डॉक्टरांनी घरात गर्दी नको म्हणून बजावलेलं. मुलीकडून चारच माणसं. दत्ताराम, बायको सुगंधा, प्रेमा आणि अंतरपाटामागे मामा.

अडलं ते इथेच. सुगंधाचा भाऊ लवू गावी होता. आईबाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवलेलं. पण लवूला बोलवावं, तर दत्तारामचे तीन सख्खे भाऊ विक्रोळी-घाटकोपरला हाकेच्या अंतरावर. बायकोचा भाऊ चालतो आणि आम्ही नाही? जन्माचं बोलणं बंद झालं असतं. एकाला हाक म्हणजे सगळ्यांना हाक. म्हणून मामा म्हणून शेजारचे भाऊराव ठरले. परक्याचा राग कोण धरणार? सुगंधा हो म्हणाली आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

पत्रांत मात्र दत्तारामने डोकं लावलं. पोस्टकार्ड नको, गावचा पोस्टमन ते वाचून दाखवतो, आंतर्देशीयच. मजकूर सगळ्यांना अक्षर न् अक्षर सारखा, कारण नातेवाईक पत्रं शेजारी ठेवून ताडून बघतात. आजारपणाचं कारण पहिल्याच ओळीत. कोण हजर होतं, ते चकार शब्दाने नाही. 'आपले आशीर्वाद पाठीशी आहेतच. जोडीला घेऊन पाया पडायला येतो', आणि आहेर आणू नये. मोठ्या काकांचं पत्र पहिलं, मग वयाच्या उतरंडीने बाकीची.

बातमी पत्राआधी माणसाच्या तोंडून गेली की संपलं. गावचं टपाल पाच दिवसांनी पोहोचायचं. म्हणून गावची चार पत्रं, शुक्रवारची तारीख घालून, 'आज लग्न पार पडले' असं लिहून सोमवारीच पेटीत टाकली. मुंबईची शुक्रवारी टाकायची. शनिवारी सगळ्यांना एकदम. हुशार माणूस! पोस्ट खातं आपल्या हिशोबाने चालतं, असं त्याला वाटलं.

शुक्रवारी सकाळी चौघं निघायच्या तयारीत, आणि दारात लवू. रात्रभर एसटीत बसून आलेला, सदऱ्याला चुण्या. टपाल बुधवारीच पोहोचलं होतं. वाडीची सगळी पत्रं पोस्टमन लवूच्या दुकानातच टाकायचा. त्याने खिशातून चारही आंतर्देशीय काढून टेबलावर ठेवली. एकच फोडलेलं होतं, त्याच्या नावाचं.

"बाकी कोणी बघूक नाय," तो म्हणाला.

दत्तारामला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. न झालेल्या लग्नाचं पत्र! आजारपणाने नाइलाज झाला, हे आता कोण खरं मानणार? ठरवून टाळलं, हे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

भाऊराव बिचारे लगेच टोपी काढून म्हणाले, मामा आले, मी थांबतो. सुगंधाने नवऱ्याकडे बघितलं. त्याने एवढंच म्हणायचं होतं, चल लवू. पण दत्तारामच्या डोळ्यांपुढे तिघे भाऊ उभे राहिले, आणि तो टेबलावरची पत्रं उगाच एकावर एक रचू लागला. भित्रा माणूस वाईट नसतो, पण त्याच्या गप्प बसण्याची किंमत भलताच कोणी भरतो.

लवूनेच सोडवलं. "भावोजी, तुमच्या पत्रात लगीन झाला. माका ता खोटा पाडूचा नाय. मी घर राखतंय. जावा."

प्रेमा वाकून पाया पडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढायलाच विसरला.

मुलुंडला सगळं नीट झालं. अंतरपाट धरला तेव्हा भाऊराव मान खाली घालून उभे होते. सुगंधाने अक्षता टाकल्या, पण कुठे पडल्या ते तिला दिसलं नाही. दत्तारामला मंगलाष्टकं संपतच नाहीत असं वाटत होतं.

दुपारी परतले तेव्हा लवूने चूल पेटवून पेज करून ठेवली होती. जेवण झाल्यावर तो म्हणाला, गावची चारही पत्रं पुन्हा लिहा, आजच्या शिक्क्याची. माझंही लिहा, वाडीवर चारजण विचारतील, दाखवायला हवं. मग जुनी चारही त्याने चुलीत घातली.

दत्ताराम लिहायला बसला. बायकोला लहानाची मोठी करणारा माणूस समोर, आणि त्यालाच कळवायचं की तुम्हाला बोलावता आलं नाही. दोन ओळींवर पेन थांबलं.

सुगंधा फणकारली. आज पहिल्यांदाच ती मोठ्याने बोलत होती. "थांबलात का? लिहा ना. मामा म्हणून कोण उभं होतं, तेही लिहा."

लवूने तिच्या हातावर हात ठेवला.

"ता लिवू नकात, भावोजी," तो म्हणाला. "वाचणारो मीच आसय."