उपाशी जिभेचा निकाल

आमच्या कॉफी सहकारी संस्थेतला चाखणारा फाब्रिसियो सकाळी सातला टेबलापाशी यायचा तो कडकडीत उपाशी. साधा पावाचा तुकडा नाही की घोटभर पाणी नाही. "खाल्लं की जीभ बधिर होते," हे त्याचं पालुपद. शहरात शिकून आलेला, म्हणून आम्ही सगळे त्याला इंजिनियर म्हणायचो. मी एर्मेलिंदा, नमुन्यांची कॉफी भाजणारी. अठरा वर्षं भाजतेय, पण मला कोण विचारतो?

टेबलावर नमुन्यांचा क्रम वाडीच्या उंचीप्रमाणे. सगळ्यात वरच्या वाडीची त्रान्सितोबाई, मानानं आम्ही तिला दोन्या म्हणायचो, म्हणून तिची कॉफी कायम एक नंबरला. दोन वर्षं लागोपाठ त्यानं तिच्यावर 'सडकी' असा शेरा मारला होता. यंदा तिसऱ्यांदा मारला की चांगल्या कॉफीच्या यादीतून नाव बाद. विधवा बाई, डोंगरउतारावर एकटी राबते. त्या दिवशी ती पहाटे तीन तास चालत खाली आली होती आणि दाराशी हाताची घडी घालून उभी होती.

मी दोन वर्षं बघत होते. पहिल्या पेल्यांशी वाकलं की इंजिनियरचं तोंड पिवळं पडायचं. मग खारी बिस्किटं आणि पाणी यायचं, जीभ साफ करायला म्हणून. तिसऱ्या नमुन्यापर्यंत गडी ताजातवाना! सडका माल नेहमी एक नंबरलाच कसा निघतो, हे कुणाच्याच डोक्यात येऊ नये? माझं रक्त उकळत होतं. म्हणून त्या दिवशी मी नमुने भाजताना चिठ्ठ्या बदलल्या.

गरम पाणी ओतलं, चार मिनिटांनी वर तरंगून आलेला कॉफीचा थर चमच्यानं मोडला. इंजिनियरनं वाकून वास घेतला, एक भुरका मारला, आणि ओकारी आल्यासारखा मागे सरकला. थुंकायच्या भांड्यावर वाकून उभाच राहिला.

"काय हे! पोटात नुसतं ढवळतंय. सडकी. तिसऱ्यांदा! दोन्या, तुम्ही कॉफी आणता की उकिरडा?"

दोन्या त्रान्सितोचा चेहरा पडला. मी बिस्किटांची बशी इंजिनियरपुढे सरकवली.

त्यानं चार बिस्किटं खाल्ली, पाणी प्यायला, जरा टेकला. मग दोन, तीन, चार. पाचव्याला त्याचे डोळे चमकले. पुन्हा भुरका. पुन्हा.

"वा! संत्र्याची साल, गूळ... शंभरात शहाऐंशी गुण. कुणाची गं, एर्मे?"

"हिची," मी दाराकडे बोट दाखवलं. "आणि ज्याला उकिरडा म्हणालात ना, ती आपल्या अध्यक्षांची. शनिवारी दुपारी, जेवून आल्यावर, तुम्हीच तिला अठ्ठ्याऐंशी दिलेत. घ्या, चाखा आता."

"तू माझी परीक्षा घेतेस?" तो ओरडला. तरी चमचा उचलला. चाखली. मग चमचा खाली ठेवला.

"पण मला खरंच मळमळलं होतं," तो पुटपुटला.

"मळमळणारच! संध्याकाळी सहाला जेवता, सकाळी सातला इथे. तेरा तास पोट रिकामं. पोट रात्रभर आंबट पाणी सोडतच असतं, आणि ते जिरवायला आत घास नसतो. कधी आतड्यातलं कडू पित्तही वर चढतं. रक्तातली साखर उतरलेली. त्यावर भाजक्या कॉफीचा वास आणि तिचा आणखी आंबटपणा. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला सांगितलंय, माझंही पोट असंच आहे. कोरडं काही खाल्लं की बसतं ते. तुमचं बिस्किटानं बसलं. कॉफीत काही नव्हतं, इंजिनियर. तुमच्या पोटात काही नव्हतं!"

इंजिनियर उठला, मान खाली घालून दोन्यापाशी गेला.

"दोन्या, नाव यादीत राहील. उत्तम कॉफी आहे. अभिनंदन."

तिनं त्याचा पुढे केलेला हात घेतला नाही.

"गेल्या वर्षी तुम्हीच सांगितलंत, झाडं म्हातारी झालीत, मुळापासून काढा, तरच यादीत राहाल." ती सावकाश बोलत होती. "माझ्या नवऱ्यानं लावलेली चारशे झाडं. मी ती स्वतःच्या हातानं तोडली. उरलेली थोडी तोडायला जीव झाला नाही, म्हणून राहिली. आज चाखलीत ती त्या उरलेल्या झाडांची."

"दोन्या, मला..."

"मळमळत होतं, तर कागदावर तेवढंच लिहायचं होतंत," ती म्हणाली, आणि डोंगराकडे चालू लागली.