आरतीचा उजवा हात

आमच्या स्टुडिओत देवांचं खातं माझ्याकडे आहे. हेब्बाळला, तळ्याच्या बाजूच्या एका काचेच्या इमारतीत आम्ही लहान मुलांसाठी कार्टून मालिका काढतो. तिच्यात देऊळ, देवघर, पूजा असं काही आलं की तो प्रसंग माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. मी पुण्याची, बंगळुरात येऊन एकोणीस वर्षं झाली. नियम सांगायची आवड मला आधीपासूनच होती. इथे त्याचा पगार मिळतो, एवढंच.

पुराणातल्या गोष्टीतला देव चालतो, बोलतो, हसतो, त्याला आमची हरकत नाही. पण पूजेत बसलेली मूर्ती हलत नाही. तिनं डोळे मिचकावायचे नाहीत, मान डोलवायची नाही, मग लेखकानं कितीही गळ घातली तरी. मूर्तीचे पाय चौकटीत कापले जाता कामा नयेत आणि कॅमेरा तिच्या डोक्यावरून खाली बघत नाही. स्नान दाखवत नाही. नैवेद्याच्या वेळी पडदा ओढलेला दाखवतो आणि मुलांना बाहेर थांबवतो. एकदा एकानं पायपुसण्यावर स्वस्तिक काढलं होतं, सुंदर काढलं होतं. त्याला मी दिवसभर सुनावलं.

नव्या भागात एक आत्या देवघरात गणपतीची आरती करते आणि भाची मागे उभी राहून बघते. वीस सेकंदांचा शॉट. तो महानंदाकडे होता. महानंदा अथणीकडची, एक्केचाळीस वर्षांची. सासऱ्यांच्या आजारपणात सहा वर्षं काम सुटलं होतं, आता करारावर परत आली होती. तिला कायम करायचं की नाही हे या शॉटवर ठरणार, असं आमचा दिग्दर्शक जितेंद्र तिला तोंडावर सांगून बसला होता. तिनं तीन आठवडे घालवले. हलणारी गोष्ट म्हणजे आत्याचे दोन हात आणि निरांजनाचा उजेड. गणपती जागचा हलत नाही. उजेड तेवढा त्याच्या कपाळावरून सोंडेवर उतरतो आणि परत वर जातो. हे सगळं हातानं, एकेक चित्र काढून. मी पाहिला तेव्हा मला तो मनापासून आवडला, आणि तिला मी नुसतं "ठीक आहे" म्हटलं. माझ्या कौतुकाची धाव तेवढीच.

सोमवारी महानंदा रजेवर होती. सगळे शॉट जोडून बघताना जितेंद्रच्या ध्यानात आलं की भाची अंगणातून उजवीकडे बघत आत येते आणि आरतीच्या शॉटमध्ये डावीकडे बघत उभी असते. सलग पाहिलं की पोरीनं देवाकडे पाठ फिरवलीय असं वाटतं. दुसऱ्या दिवशी आमचे सल्लागार भीमाचार्य भाग बघायला येणार होते.

"पाठ चालणार नाही," मी म्हटलं. "आरतीचा शॉट उलटवते."

उलटवणं म्हणजे आरशात दिसतं तसं चित्र करणं. एका बटणाचं काम. पण त्यानं काय होतं हे मी नव्या लोकांना शिकवत असते, म्हणून माझी छाती फुगलेली होती. स्वस्तिक उलटं फिरतं, ते मी सरळ केलं. दारावरचा ॐ उलटतो, तोही सरळ केला. डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. तिथे मात्र मी थांबले आणि मल्लेश्वरमला भीमाचार्यांना फोन लावला.

पूजाअर्चेतलं आम्ही त्यांनाच विचारतो. घरी मराठी, पण तीन पिढ्या बंगळुरातल्या. त्यांच्या सहीचं पत्र जोडल्याशिवाय वाहिनी असा भाग घेत नाही.

"उजवी सोंड कडक असते," ते म्हणाले. "सोवळं-ओवळं फार. साध्या घरात डावीच ठेवा. सरी? कळलं ना?"

मी गणपती वेगळा काढून पुन्हा सरळ बसवला, उजेडाची बाजू जुळवली, जितेंद्रला दाखवला. तो खूश झाला. मीही खूश झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा ही म्हण मला पाठ आहे, ती आपल्याबद्दल असते हे वेळेवर सुचत नाही.

मंगळवारी अकरा वाजता आचार्य आले. चपला बाहेर काढल्या आणि पहिल्या रांगेत बसले. महानंदा भिंतीशी उभी होती. तिला मी सकाळी सांगणार होते, पण राहून गेलं.

आरती सुरू झाली. पहिल्या फेरीलाच महानंदा भिंतीपासून पुढे सरकली. तिच्याकडे बघितलं आणि मग मला दिसलं. आत्याच्या डाव्या हातात निरांजन होतं, उजव्या हातात घंटा. पदर उजव्या खांद्यावर. आणि आरती उलटी, डावीकडे फिरत होती. देवाचं सगळं मी सरळ केलं होतं आणि बाईला तशीच उलटी सोडली होती.

"थांबवा," आचार्य म्हणाले. आवाज चढवला नाही. "डाव्या हातानं आरती? तीही उलटी? स्वल्प विचार करायचा होता. कोणी काढली ही?"

चित्राच्या कोपऱ्यात शॉटचा क्रमांक होता आणि खाली महानंदाचं नाव. जितेंद्रनं ते वाचलं आणि तिच्याकडे वळला. त्याच्या मनात काय चाललंय ते सगळ्यांना दिसत होतं. मी मूग गिळून बसले. किती वेळ ते नक्की सांगता येत नाही, पण आचार्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला, तेवढा वेळ तर गेलाच. मला लाज वाटत होती आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

"मी उलटवला तो," शेवटी मी म्हटलं. "तिनं उजव्याच हातानं काढली होती. मूळ शॉट लावते."

मूळ शॉट लावला. आचार्यांनी तो बघितला आणि पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाले, "देव हलला नाही आणि हलल्यासारखा वाटला. हे बरोबर आहे. हाच ठेवा."

"पण मग पोरीची पाठ?" जितेंद्रनं विचारलं.

"आधीचं अंगण उलटवा ना," महानंदा म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "तिथं तुळस आहे आणि विहीर आहे. पोरगी मोकळ्या हातानं पळत येते. डावं-उजवं कशाला लागतंय तिथं?"

अंगण उलटवायला पाच मिनिटं लागली. आता भाची नीट देवाकडे बघत उभी राहिली. आचार्यांनी पत्रावर सही केली. जितेंद्रनं महानंदाला उद्या कागदपत्रं घेऊन यायला सांगितलं, म्हणजे कायमची नोकरी.

जेवायच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिच्यासमोर जाऊन बसले. माफी मागायची तयारी केली होती, वाक्यंही जुळवली होती.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "सोंडेचं आचार्यांना फोन करून विचारलं, पण घाईत हाताकडे लक्षच गेलं नाही."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"शलाका अक्का, सोंडेला हात लावायच्या आधी तुम्ही आचार्यांना विचारलंत," ती म्हणाली. "काल मी घरीच होते. फोन चालू होता माझा."