चार्ज उद्धवकडे

मोटर सुटायला आली तरी अनंतरावांचं सांगणं संपेना. लातुरात मंडळाच्या शाळेची नवी इमारत उभी राहत होती, तिचे ते मुख्य ओव्हरसियर. पुतणीच्या लग्नासाठी नांदेडला निघाले होते. रजा मंजूर होती, पण जीव मात्र चुन्याच्या घाण्यात अडकलेला.

"हा चार्जाचा कागद," खिडकीतून हात काढून ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी लिहिलाय, उद्धव. दोन्ही बाजूंनी!"

"हाव साहेब, तुम्ही बिनघोर जा!"

उद्धव त्यांचा मदतनीस, त्याच्या एकट्याच्या हाती पहिल्यांदाच सगळं काम आलं होतं. त्याची छाती अशी फुगली, की सदऱ्याची गुंडी तुटायची तेवढी राहिली. कामावर पोचेपर्यंत त्यानं कागदाची पुढची बाजू वाचून काढली. तिच्यावर कामं होती. चुन्याला रोज पाणी. कमानीवरची पोती ओली ठेवणं. शहाबादी फरश्या येतील त्या एकेक ठोकून घेणं, बद्द आवाज आला की परत. एवढंच ना? हे तर आपण डोळे मिटून करू!

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष हणमंतराव आले, फेट्याचा शेमला सावरत.

"उद्धवा, खुशखबर! सोमवारी तालुकदार साहेब येऊन राहिले. मोठ्या दारातून वाजतगाजत आत न्यायचं. पर ते कमानीखाली लाकडाचं काय जंजाळ हाय? साहेब काय वाकून जातील?"

"रविवारपातूर काढतो की!" उद्धव बोलून गेला. "तुम्ही फिकीर करू नका."

हणमंतरावांनी त्याची पाठ थोपटली आणि गावभर सांगायला निघाले.

मग उद्धवनं कागद उलटला. वर ठळक अक्षरात 'बाकी राहिलेले निर्णय'. आणि पहिलंच वाक्य असं: 'कमानीचा लाकडी साचा मी आल्याशिवाय काढू नये, अध्यक्षांनी सांगितले तरीही. चुना कच्चा आहे.'

अध्यक्षांनी सांगितले तरीही! साचा काढला अन् कमान बसली, तर साहेबांच्या डोक्यावर दगड. न काढला, तर त्याचा शब्द गेला. आणि पुन्हा कोण त्याच्या हाती काम देणार?

फरश्या आल्या तेव्हा तो त्याच कोड्यात होता. एकच फरशी तीनदा ठोकून झाली.

"ती पहिल्याच वेळी चांगली वाजली हो," मागून सौदामिनीबाई म्हणाल्या. मुलींच्या वर्गाच्या शिक्षिका त्या, रोज एकदा कामावर चक्कर व्हायचीच. "आमच्या दाराचं काय ठरलं?"

"कोणतं दार, बाई?"

"घ्या! मुलींसाठी पश्चिमेचं वेगळं दार. मंडळात दोन वर्षं भांडण चाललंय. निम्मे म्हणतात हवं, निम्मे म्हणतात चौकट फुकट खर्ची पडेल. कागदावर न्हाई का?"

कागदावर होतं! अगदी शेवटी: 'पश्चिमेचे दार. जागा सोडून वर दगडी तुळई ठेवली आहे. आत विटा नुसत्या रचल्या आहेत, चुना लावलेला नाही. मंडळाने निर्णय माझ्यावर सोपवला आहे. गरज पडल्यास तुम्ही घ्यावा आणि कारण लिहून ठेवावे.'

उद्धव ओरडलाच, "बाई, तुमचं दार झालं!"

"असं कसं झालं?"

"विटा काढायच्या, बस! वर अखंड दगड हाय, त्याला साचा लागत न्हाई."

पण आधी हणमंतरावांकडे जायचं होतं. ते काही सोपं नव्हतं.

"मी कागद पुरता न वाचताच शब्द दिला, मालक. साचा निघणार न्हाई."

हणमंतरावांचा चेहरा कमानीच्या दगडासारखा झाला. "गावभर सांगून आलो मी! आता साहेबाला काय भिंतीवरून उडी मारायला लावू?"

"पश्चिमेच्या दारातून आणू. वाजंत्री तिकडं, तोरण तिकडं. मुली ओळीनं उभ्या करू. साहेबाला सांगू, मुलींच्या दाराचं उद्घाटन तुमच्याच हातून."

हणमंतराव शेमला सावरू लागले, तेव्हाच उद्धवला कळलं की काम झालं.

"मुलींचं दार... अन् अध्यक्ष मी," ते सावकाश म्हणाले. "हे मी आधीच सुचवलं हुतं की रे!"

"हाव, तुम्हीच!"

सोमवारी तालुकदार साहेब पश्चिमेच्या दारातून ताठ मानेनं आत गेले. मागून मुली अशा घुसल्या की वाजंत्रीवाला बाहेरच राहिला.

अनंतराव परतले ते थेट कमानीखाली. साचा जागेवर. पोती ओली. मग पश्चिमेला गेले आणि थबकले.

उद्धवनं त्याच कागदावर, दाराच्या ओळीखाली कारण लिहून ठेवलं होतं: 'कमान पिकेपर्यंत पाहुण्यांना वाट नव्हती. मुलींना तर आधीपासूनच नव्हती.'

अनंतरावांनी ते दोनदा वाचलं. चुना पिकल्यावर त्यांनी साच्याच्या पाचरी सैल करायला हातोडा घेतला आणि उद्धवच्या हातात दिला.

"हळू. एकदम न्हाई, एकेक. आणि ऐक, वैशाखात धाकट्या पुतणीचं लग्न आहे."

उद्धवची गुंडी या वेळी खरंच तुटली.