नथ कुठल्या बाजूला

आरशाचं चित्र मागणाऱ्या प्रत्येकाला आधी माझ्या खुर्चीत बसवलं पाहिजे. मोर मागा, कमळ मागा, एआय हसत देतं. आरशासमोर नवरी मागितली की त्याचं डोकं फिरतं, आणि मग माझं.

खालापूरला माझ्या भावाचं, अब्रारभाईचं, फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. मी तिथे डिझाइन करते. भाईचा या एआयवर काडीचा विश्वास नाही. "ह्या टायमाला जमलं नाय ना हुमा, तर तू परत काउंटरवर. तयार फोटो उचलायचा, नाव टाकायचं, विषय संपला," त्याने सांगून टाकलं होतं. काउंटरवर बसून झेरॉक्स काढण्याचा मला मनापासून कंटाळा आहे.

काम होतं सुंदराताईंचं. कुंभिवलीत हायवेला त्यांचं पार्लर उघडत होतं. फ्लेक्सवर त्यांना हवी होती पाठमोरी नवरी, अंबाड्यावर गजरा, डावा हात नथीला लावलेला आणि समोरच्या आरशात तिचा चेहरा.

मी एआयला लिहिलं, आरशासमोर नवरी, आरशात तिचं प्रतिबिंब. आलं काय? पाठीवर हिरवा शालू, आरशात लाल. पुन्हा केलं, तर आरशाबाहेर डावं कोपर वर आणि आरशातली बाई हात खाली सोडून भलतीकडेच बघतेय. जणू काचेपलीकडे तिची जाऊबाई उभी! माझा नुसता संताप झाला. मग लक्षात आलं की मीच दोन बायका सांगत होते. म्हणून लिहिलं: बाई एकच, कॅमेरा तिच्या पाठीमागे. शालू, दागिने तेच. जो हात बाहेर चित्राच्या डाव्या बाजूला, तोच आरशातही डाव्या बाजूला. पदर डाव्या खांद्यावर, आरशातही डावीकडेच. नथ त्याच बाजूला, नजर स्वतःच्याच डोळ्यांत. तरी नथ हट्टाने उजवीकडे येई. शेवटी फक्त आरशाचा भाग निवडून तेवढाच पुन्हा काढून घेतला, तेव्हा कुठे जमलं.

सुंदराताई आल्या, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, नथ चुकली की! डाव्या नाकात असती ना? ही उजव्यात हाय."

"ताई, आरसा आहे तो. समोरच्या माणसाची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. आरशात तशी येत नाही, जिथल्या तिथे राहते."

"ते तुला म्हाईत. खालून टेंपोवाला बघंल तो काय म्हणंल? उद्घाटनालाच हसं व्हायचं माझं. नवरीला नथ घालता येत नाय म्हणतील."

भाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू काउंटरचं स्टूल आत्ताच पुसून ठेवतो.

मी नथ उजवीकडे सरकवली. आता हात रिकाम्या नाकपुडीला लागला. "हात पण घे," ताई म्हणाल्या. घेतला. आता बाहेर कोपर डावीकडे, आरशात हात उजवीकडे.

"हे कसंतरीच दिसतंय गं. तुझ्या मशीनला समजत नाय काय?"

मशीनला समजत नाही! माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मी आधीचं बरोबर चित्र पुन्हा उघडलं आणि रागारागाने अख्खं आडवं पलटवून टाकलं. कोपर उजवीकडे, आरशात हात उजवीकडे, नथ उजवीकडे.

"घ्या. आता तुमच्या मनासारखं."

"हां, आता नथ कशी..." ताई थांबल्या. खुर्ची सोडून पडद्याला नाक लावलं. "ए बाय! हिचा पदर उजव्या खांद्यावर कुणी टाकला? आमी नवरीला असा पदर लावला तर सासू मांडवातनं हाकलंल!"

"तुम्हीच टाकायला लावलात, ताई. नथ हलवली की पदरही हलतो."

त्यांनी स्वतःचा पदर चाचपला, नाकाला हात लावला. दोन्ही डावीकडे. भाईच्या दुकानात चष्म्याएवढा आरसा आहे, त्यात वाकून बघितलं. परत हात लावून बघितला.

"मेलं, रोज पोरींना आरशासमोरच बसवते मी," त्या हळूच म्हणाल्या. "पयलंच छाप रं अब्रार."

फ्लेक्स चढवताना मी आणि भाई कुंभिवलीला गेलो. शेजारचा वडेवाला पोपट मान वर करून म्हणालाच, "सुंदराताय, नथ उलटी झाली वाटतं."

ताई कंगवा हातात घेऊन बाहेर आल्या.

"पदर कुठल्या खांद्यावर हाय?"

"डाव्या."

"मग आरशात पदर कुठं?"

पोपटने बराच वेळ बघितलं. "डावीकडंच."

"मग नथ काय माहेरी जाईल? पदराच्या बाजूलाच ऱ्हाईल ना!"

मी भाईकडे बघितलं. तो दोरी आवळत होता, वर न बघता म्हणाला, "काउंटरला माणूस शोधाया लागंल आता."