उन्हाकडे पाठ

शिंपीणबाई भुयारी स्टेशनाच्या पायऱ्या चढून वर आल्या तेव्हा साडेनऊ झाले होते. खांद्यावरच्या पिशवीत भाचीचा लग्नाचा ड्रेस होता. दहा वाजता विवाह नोंदणीची वेळ. ती चुकली तर पुढची दीड महिन्यानं. आणि नवरा मुलगा तर परवा परदेशी नोकरीवर चालला होता.

फोन वाजला. "मावशी, अगं कुठे आहेस? मी इथे घरचा गाऊन घालून बसलेय!"

"आलेच गं राणी. माझ्या जिवात जीव आहे तोवर तू गाऊनमध्ये सही करणार नाहीस."

बाईंनी फोन डाव्या हातात धरला. नकाशात आपला ठिपका, ठिपक्यावर आपलं तोंड कुठे ते सांगणारा बाण. बाण वाटेच्या रेघेवर येईपर्यंत त्या गर्रकन वळल्या आणि तरातरा निघाल्या. शंभर पावलांवर पाहतात तर काय, ठिपका रेघ सोडून उलटाच पळत होता! मेल्या बाणाचं तोंड मात्र अजून रेघेकडेच.

शेजारच्या फुलवाल्यानं सल्ला दिला, "फोननं हवेत आठचा आकडा काढा, बाण सुधारतो."

बाईंनी भररस्त्यात चार आकडे काढले. लोक बघायला लागले, बाण ढिम्म.

"खड्ड्यात जा!" त्या बाणालाच म्हणाल्या. रडू येत होतं, पण रडायला वेळ कुठला? आईविना वाढलेली पोर. तिचं प्रत्येक झबलं याच हातांनी शिवलेलं. आणि लग्नाचाच ड्रेस वेळेवर पोचायचा नाही? छे!

त्यांनी डोकं थंड केलं. नकाशात उत्तर वरच्या बाजूला आणली. नोंदणीचं कार्यालय स्टेशनच्या डावीकडे, म्हणजे पश्चिमेला. आणि सकाळचं ऊन तर थेट डोळ्यांत येत होतं. म्हणजे आपण चाललोय पूर्वेला!

बाईंनी उन्हाकडे पाठ केली आणि पदर खोचून निघाल्या. बाणाकडे बघायचंच नाही, फक्त ठिपक्याकडे. स्टेशन मागे पडलं, ठिपका रेघेवर आला आणि रेघेवरूनच सरकू लागला. बाण बिचारा अजून मागेच बोट दाखवत होता.

दहाला बारा मिनिटं कमी असताना त्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत धापा टाकत शिरल्या. ड्रेस चढला. कमरेशी बोटभर सैल!

"आता गं? टाचणी कुठून आणायची?" भाचीचा चेहरा पडला.

बाईंनी सवयीनं डाव्या हाताची बाही मागे सारली. मनगटावर पट्ट्यानं बांधलेला, टाचण्या धरून ठेवणारा लोहचुंबक तसाच होता. पहाटे शिवण संपवून काढायचाच राहिला होता. टाचण्या काढता काढता त्यांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं. मनगट जवळ नेलं, बाण फिरला. लांब नेलं, जागेवर आला.

"अगं बाई! बाण बिचारा शहाणाच होता," बाई खो खो हसल्या. "मीच त्याला फितवलं."

तीन टाचण्यांत कंबर बसली. बाहेर नाव पुकारलं. भाचीनं मावशीचा तोच हात घट्ट धरला.

"साक्षीदार म्हणून तूच सही करायचीस," ती म्हणाली. "आईच्या जागी."

बाईंचे डोळे भरून आले. आता मात्र वेळ होता.